चार फ्लोरिन, तीन आकार : लोन पेअर सुटली की उत्तर कुठे पकडायचं?

बंगळूरहून आपला रविवारचा रसायनशास्त्राचा वर्ग. मागच्या भागाच्या शेवटी मी तीन रेणू दिले होते आणि प्रत्येकाचा आकार आणि संकरण, म्हणजे हायब्रिडायझेशन, लिहून पाठवायला सांगितलं होतं. ते तीन रेणू होते CF₄, SF₄ आणि XeF₄. उत्तरं बेळगावहून आली, सोलापूरहून आली, इंदूरहून आली, दोन तर आमच्या इथल्या मल्लेश्वरममधूनच आली. बऱ्याच उत्तरांत तिन्ही रेणूंपुढे एकच ओळ होती : चार बंध, म्हणून sp³, म्हणून चतुष्फलकीय.

पहिल्या रेणूसाठी ती ओळ अचूक आहे. उरलेल्या दोन्हींसाठी सपशेल चूक आहे. वाईट गोष्ट अशी की ही चूक करणाऱ्याला आपण चुकलो असं कुठेही जाणवत नाही. चार बंध मोजले, चाराला sp³ जुळलं, sp³ ला चतुष्फलक जुळलं. साखळीची प्रत्येक कडी दुसरीला घट्ट बसते, फक्त पहिली कडी चुकीच्या खुंटीला बांधलेली असते. पुन्हा तपासलं तरी तेच उत्तर येतं, कारण तपासतानाही आपण तेच चार बंध मोजतो. पर्यायी प्रश्नांच्या परीक्षेत हे फार महागात पडतं. प्रश्न काढणाऱ्याला ही चूक माहीत असते, त्यामुळे sp³ हा पर्याय तिथे हमखास वाट बघत असतो. नीटमध्ये अशा एका उत्तराने चार गुण जातात आणि वर एक गुण कापला जातो.

म्हणून आज नवीन काही शिकवणार नाही. लिहून झालेलं उत्तर तपासायचं कसं, एवढंच बघू, आणि तेही याच तीन रेणूंवर.

आधी चूक नेमकी कुठे होते ते पाहू. आपण ज्याला व्हीएसईपीआर म्हणतो त्या कल्पनेची सुरुवात 1940 मध्ये इंग्लंडमध्ये सिजविक आणि पॉवेल या दोघांच्या मांडणीतून झाली. पुढे 1957 मध्ये गिलेस्पी आणि नायहोम यांनी तिला आजचं रूप दिलं. त्या कल्पनेचा गाभा असा की मध्यवर्ती अणूभोवती जेवढ्या इलेक्ट्रॉन जोड्या असतील, त्या सगळ्या एकमेकींपासून शक्य तितक्या दूर बसतात. इथे ‘सगळ्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बंधातली जोडी असो की कुणाशी न बांधलेली एकाकी जोडी, म्हणजे आपली लोन पेअर, जागा दोघींनाही लागते. पण वहीवर रेणू काढताना बंधाची रेघ डोळ्यांना दिसते आणि लोन पेअरचे दोन ठिपके बहुतेक जण काढतच नाहीत. जे काढलं नाही ते मोजलंही जात नाही. पंगतीत बसलेल्यांची पानं मांडली आणि वाढप्यांचं जेवण धरलंच नाही, तसा हा हिशेब होतो.

आता पहिली तपासणी. मध्यवर्ती अणूने स्वतःच्या घरून किती इलेक्ट्रॉन आणले आणि त्यातले किती खर्च झाले, ते विचारायचं. कार्बनच्या बाह्य कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात. चार फ्लोरिनशी चार बंध केले, प्रत्येकात आपला एक दिला, हातात शून्य उरलं. हिशेब मिटला. गंधकाकडे सहा असतात. चार दिले, दोन उरले. ते दोन कुठे गेले? त्यांची एक जोडी आहे आणि ती गंधकाजवळच बसलेली आहे. झेनॉनकडे आठ असतात. चार दिले, चार उरले, म्हणजे दोन जोड्या. ज्या विद्यार्थ्याने झेनॉनपुढे sp³ लिहिलं, त्याने झेनॉनचे चार इलेक्ट्रॉन हवेत सोडून दिले.

म्हणजे एकूण जोड्या कार्बनभोवती चार, गंधकाभोवती पाच आणि झेनॉनभोवती सहा. पाठ्यपुस्तकातलं सूत्रही हेच सांगतं : मध्यवर्ती अणूचे इलेक्ट्रॉन अधिक एकसंयुज अणूंची संख्या, भागिले दोन. गंधकासाठी सहा अधिक चार, दहा, त्याचे निम्मे पाच. झेनॉनसाठी आठ अधिक चार, बारा, त्याचे निम्मे सहा. आयन असेल तर ऋण प्रभार मिळवायचा आणि धन प्रभार वजा करायचा.

सूत्र बरोबर आहे, तरी त्यावर एकट्यावर विसंबू नका असं मी सांगतो. त्याचं कारण आहे. या सूत्रात फक्त एकसंयुज अणू मोजायचे असतात, म्हणजे हायड्रोजन, फ्लोरिन, क्लोरिन वगैरे. ऑक्सिजन मोजायचा नाही. घाईत मुलं XeO₃ मध्ये तीन ऑक्सिजन धरतात आणि अकराचे निम्मे साडेपाच काढतात. साडेपाच आलं की निदान संशय येतो. पण XeO₂F₂ मध्ये दोन्ही ऑक्सिजन धरले तर आठ अधिक चार, निम्मे सहा असं गुळगुळीत उत्तर येतं आणि ते चूक असतं. खरं उत्तर आठ अधिक दोन, निम्मे पाच. पूर्णांक आला म्हणजे उत्तर बरोबर, असं काही नसतं.

म्हणून दुसरी तपासणी अशी हवी की जी उलट्या टोकाकडून येते. बँकेत जसा एकाने मोजलेला गठ्ठा दुसरा माणूस स्वतंत्र मोजतो, तसं. यात मध्यवर्ती अणूला आधी बाजूलाच ठेवायचं. रेणूतल्या सगळ्या अणूंचे बाह्य कक्षेतले इलेक्ट्रॉन एकत्र मिळवायचे. मग कडेच्या प्रत्येक अणूला त्याचं अष्टक पूर्ण करून द्यायचं, आठ आठ इलेक्ट्रॉन. हायड्रोजन असेल तर त्याला दोनच. सगळ्यांना वाटून जी बाकी राहील, ती मध्यवर्ती अणूची एकट्याची. तिचे निम्मे केले की लोन पेअरची संख्या मिळते.

तिन्ही रेणूंवर करून बघू. एका फ्लोरिनचे सात, चार फ्लोरिनचे अठ्ठावीस. CF₄ मध्ये अठ्ठावीस आणि कार्बनचे चार मिळून 32. चार फ्लोरिनना आठ आठ दिले, बरोबर 32 संपले. बाकी शून्य, लोन पेअर नाही. SF₄ मध्ये अठ्ठावीस आणि सहा, 34. त्यातून 32 गेले, दोन उरले, एक लोन पेअर. XeF₄ मध्ये अठ्ठावीस आणि आठ, 36. बाकी चार, दोन लोन पेअर. कडेचे अणू चार, त्यात लोन पेअर मिळवल्या की एकूण अनुक्रमे चार, पाच, सहा. सूत्राने आलं तेच, पण वेगळ्या रस्त्याने.

हे चालतं का, याचं कारण साधं आहे. कडेच्या अणूच्या आठात त्याच्या स्वतःच्या लोन पेअरही आल्या आणि मध्यवर्ती अणूशी असलेला बंधही आला, मग तो एकेरी असो की दुहेरी. म्हणजे सगळे बंध आपोआप वाटपात मोजले जातात. जे उरतं ते ना बंधात, ना कडेच्या अणूवर. त्यामुळे ऑक्सिजनला इथे वेगळी वागणूक द्यावी लागत नाही. XeO₂F₂ घ्या : आठ, अधिक दोन ऑक्सिजनचे बारा, अधिक दोन फ्लोरिनचे चौदा, एकूण 34. चार कडेच्या अणूंचे 32 वजा, बाकी दोन, एक लोन पेअर, एकूण पाच. सूत्रात घसरलेला विद्यार्थी इथे सहा आणि पाचचा फरक पाहून थांबतो. थांबणं हेच तर आपल्याला हवं आहे.

बाकी विषम आली तर? दोनपैकी एक गोष्ट असते. एक तर रेणूच मुळात विषम इलेक्ट्रॉनचा आहे, किंवा आपण आयनाचा प्रभार विसरलो आहोत. ICl₄⁻ हा आयन पाहा. आयोडिनचे सात, चार क्लोरिनचे अठ्ठावीस, मिळून 35. बाकी तीन येते, दीड लोन पेअर. अशी कुठे असते का? ऋण प्रभाराचा एक इलेक्ट्रॉन मिळवला की 36 होतात आणि XeF₄ चाच हिशेब हाती येतो. पण एक सावधगिरी. प्रभाराचं चिन्ह उलटं घेतलं, म्हणजे मिळवायच्या ऐवजी वजा केलं, तर 34 येतात. बाकी दोन, एकदम सम. विषम बाकीची घंटा त्या चुकीला वाजत नाही. तिथे स्वतःलाच विचारावं लागतं की ऋण म्हणजे इलेक्ट्रॉन जास्त की कमी.

विषम बाकी खरी असते त्याचं उदाहरण NO₂. नायट्रोजनचे पाच आणि दोन ऑक्सिजनचे बारा, सतरा. सोळा वाटले, एक उरला. नायट्रोजनवर एक एकटा इलेक्ट्रॉन आहे. त्याच्यातून एक काढून NO₂⁺ केला तर बाकी शून्य. एक घालून NO₂⁻ केला तर बाकी दोन, पूर्ण लोन पेअर. आता या तिघांचे मोजलेले कोन ऐका. NO₂⁺ सरळ रेषेत आहे, 180 अंश. NO₂ मध्ये 134 अंश. NO₂⁻ मध्ये साधारण 115 अंश. अणू तेच, ऑक्सिजन दोनच, नायट्रोजनजवळ उरलेले इलेक्ट्रॉन शून्य, एक, दोन असे वाढत गेले आणि कोन मिटत गेला. लोन पेअर आकारावर काय करते हे याहून स्वच्छ मला कुठे दिसलेलं नाही.

आता आपल्या तीन फ्लोराइडांकडे परत. संख्या मिळाली, पण आकार अजून मिळालेला नाही. इथे दुसरा खड्डा आहे आणि पहिला खड्डा चुकवून आलेली मुलं यात पडतात. गंधकाभोवती पाच जोड्या, म्हणून त्रिकोणी द्विपिरॅमिड, असं लिहून मोकळी होतात. पाच जोड्यांची मांडणी तशी आहे हे खरं. पण रेणूचा आकार अणूंवरून सांगायचा असतो, जोड्यांवरून नाही. मोजताना लोन पेअर धरायची आणि आकाराला नाव देताना ती झाकून ठेवायची, असा हा दुहेरी नियम आहे. मोजताना विसरलात तर पहिली चूक, नाव देताना झाकायला विसरलात तर दुसरी.

SF₄ मध्ये लोन पेअर कुठे बसेल? द्विपिरॅमिडमध्ये दोन प्रकारच्या जागा आहेत. मधल्या त्रिकोणाच्या तीन आणि वरखाली टोकाच्या दोन. टोकाला बसली तर तिला काटकोनात तीन शेजारी मिळतात. मधल्या त्रिकोणात बसली तर काटकोनातले शेजारी दोनच, बाकीचे दोघे 120 अंशांवर. लोन पेअर बंधजोडीपेक्षा ऐसपैस बसणारी, तिला गर्दी कमी लागते, म्हणून ती त्रिकोणातली जागा घेते. आता ती झाका. उरतात दोन फ्लोरिन टोकांना आणि दोन एका बाजूला, आणि रेणू बागेतल्या सी-सॉ सारखा दिसतो. संकरणाचं परीक्षेतलं उत्तर sp³d.

XeF₄ मध्ये सहा जोड्या, अष्टफलकाची मांडणी. दोन लोन पेअर एकमेकींच्या शेजारी बसल्या तर त्यांच्यात 90 अंश, समोरासमोर बसल्या तर 180. त्या समोरासमोर जातात, एक वर, एक खाली. दोन्ही झाकल्या की चार फ्लोरिन एका पातळीत चौरसाच्या कोपऱ्यांवर उरतात. समतल चौरस, संकरण sp³d².

या संकरणाच्या लेबलाबद्दल एक गोष्ट बोलून टाकतो. झेनॉनमध्ये d कक्षका खरोखरच इतका मोठा वाटा उचलतात का, तर आजची गणितं ‘नाही’ म्हणतात, त्यांचा वाटा अल्प आहे. sp³d² हे सहा जोड्यांसाठीचं जुनं नाव म्हणून वाचा. परीक्षेत तेच लिहा. पण जोड्यांची संख्या ही मूळ गोष्ट आणि लेबल तिच्या मागून येणारं, हा क्रम उलटा करू नका. आपली सुरुवातीची चूक या उलट्या क्रमातूनच येते.

आता तुमच्यातला एखादा म्हणेल, सर, कागदावर दोन हिशेब जुळले, पण रेणू तसाच आहे कशावरून? प्रश्न रास्त आहे. उत्तर तपासण्याची तिसरी पायरी इथेच आहे, आणि तिची मर्यादाही.

सहज सुचणारी कसोटी डायपोल मोमेंटची. रेणू सगळ्या बाजूंनी सारखा असेल तर बंधांचे खेच एकमेकांना मारून टाकतात आणि डायपोल मोमेंट शून्य होतो. SF₄ खरोखरच चतुष्फलकीय असता तर तो शून्य यायला हवा होता. प्रत्यक्षात तो सुमारे 0.63 डिबाय आहे. 1962 मध्ये अमेरिकेत टोल्स आणि ग्विन यांनी मायक्रोवेव्ह वर्णपटावरून SF₄ ची रचना आणि हा आकडा दोन्ही काढले. मायक्रोवेव्ह वर्णपटात वायूतले सुटे रेणू कसे गरगरतात ते मोजतात, आणि ज्याला डायपोल मोमेंट नाही तो रेणू या उपकरणाला सहसा दिसतच नाही. बंगळूरकरांसाठी सांगतो, असं उपकरण पाहायला परदेशी जावं लागत नाही. आपल्या भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे इथल्या रिक्षावाल्यांच्या ‘टाटा इन्स्टिट्यूट’मध्ये, प्रा. अरुणन यांच्या गटाने मायक्रोवेव्ह स्पेक्ट्रोमीटर उभारलेला आहे. हायड्रोजन बंधाची 2011 ची आंतरराष्ट्रीय व्याख्या ज्या गटाने केली त्याचं नेतृत्व अरुणन यांनीच केलं होतं.

त्या वर्णपटातून आलेले SF₄ चे कोनही पाहण्यासारखे आहेत. मधल्या दोन फ्लोरिनांमधला कोन 120 नाही, साधारण 102 अंश आहे. टोकाचे दोन 180 ऐवजी 173 अंशांवर आहेत, दोन्ही लोन पेअरपासून दूर झुकलेले. दोन ठिपके, जे वहीत काढलेही नव्हते, ते चारही फ्लोरिनना ढकलताहेत.

मग हीच डायपोलची कसोटी XeF₄ ला लावा. समतल चौरस, चार खेच एकमेकांसमोर, शून्य. छान. पण थांबा. XeF₄ चतुष्फलकीय असता तरीही शून्यच आला असता! म्हणजे ज्याने XeF₄ पुढे sp³ लिहिलं, तो डायपोलने तपासायला गेला तर ही कसोटी त्याला शाबासकी देऊन परत पाठवेल. चुकीच्या उत्तराला आणि बरोबर उत्तराला जी कसोटी एकच निकाल देते, ती त्या प्रश्नापुरती कसोटीच नाही. SF₄ ला चालली म्हणून XeF₄ ला चालेल असं धरू नका.

XeF₄ पहिल्यांदा तयार झालं 1962 मध्ये, शिकागोजवळच्या आर्गोन प्रयोगशाळेत. झेनॉन आणि फ्लोरिन निकेलच्या भांड्यात 400 अंश सेल्सियसला तापवले, आणि पांढरे स्फटिक मिळाले. निष्क्रिय वायूचं संयुग म्हणून जगभर खळबळ उडाली आणि लगेच प्रश्न आला, याचा आकार काय? चतुष्फलक की चौरस? डायपोल मोमेंट तर दोन्हींना शून्य. तेव्हा कामाला आला तो रमण परिणाम. हा शोध 1928 मध्ये कोलकात्यात लागला, आणि 1933 पासून रमण आपल्या बंगळूरचेच झाले.

रेणूतले अणू सतत कंप पावत असतात. काही कंपनं इन्फ्रारेड वर्णपटात दिसतात, काही रमण वर्णपटात, काही दोन्हींत. ज्या रेणूला समरूपतेचं केंद्र असतं, म्हणजे मध्यबिंदूतून आरपार गेलं की समोर हुबेहूब तसाच अणू सापडतो, त्याच्यासाठी कडक नियम आहे : एकही कंपन दोन्ही वर्णपटांत दिसणार नाही. समतल चौरसाला असं केंद्र आहे, कारण प्रत्येक फ्लोरिनच्या बरोबर समोर दुसरा फ्लोरिन आहे. चतुष्फलकाला नाही. एका फ्लोरिनकडून निघून मध्यातून पलीकडे गेलात तर तिथे रिकामी जागा लागते, तिघांच्या मधली.

त्यामुळे भाकीत स्पष्ट होतं. XeF₄ चतुष्फलक असेल तर रमणमध्ये चार मूलभूत रेषा आणि त्यातल्या दोन इन्फ्रारेडमध्येही त्याच ठिकाणी. CF₄ चं तसंच आहे. चौरस असेल तर रमणमध्ये तीन, इन्फ्रारेडमध्ये दुसऱ्या तीन, आणि सामाईक एकही नाही. 1963 मध्ये क्लासन, चेर्निक आणि माल्म यांनी दोन्ही वर्णपट मोजले. सामाईक रेषा नव्हती. म्हणजे चौरस. त्याच वर्षी स्फटिकांवरच्या क्ष-किरण आणि न्यूट्रॉन विवर्तनाच्या प्रयोगांतूनही तेच दिसलं. झेनॉनपासून चारही फ्लोरिन जवळपास 1.95 अँगस्ट्रॉमवर, एकाच पातळीत. ज्यांना 36 मधून 32 वजा करता येत होते, त्यांचं उत्तर कागदावर आधीच तयार होतं.

आता शेवटची गोष्ट, आणि ती या पद्धतीच्या विरुद्ध बाजूची आहे. लोन पेअर मोजायची सवय लागली की काही मुलं ती नको तिथेही संकरणात धरतात. फॉर्मामाइड घ्या, HCONH₂. त्यातल्या नायट्रोजनला तीन बंध आणि एक लोन पेअर, एकूण चार, म्हणून sp³, म्हणून अमोनियासारखा पिरॅमिड. हिशेब चोख, उत्तर चूक. हा नायट्रोजन जवळजवळ समतल असतो आणि त्याचं संकरण sp² धरतात. कारण शेजारी कार्बन आणि ऑक्सिजनचा दुहेरी बंध आहे आणि नायट्रोजनची लोन पेअर त्या पाय बंधाशी जोडली जाऊन पसरते. ती आता एका जागी बसून राहणारी जोडी नाही, म्हणून मांडणीतली चौथी जागाही तिला लागत नाही. वाटपाच्या हिशेबाला हे दिसत नाही, कारण त्याला शेजारी कोण आहे हे माहीतच नसतं. लोन पेअर असलेल्या अणूला लागूनच दुहेरी बंध आहे का, हे डोळ्यांनीच पाहावं लागतं.

हा अपवाद पुस्तकी नाही. प्रथिनांत अमिनो आम्लं अशाच अमाइड बंधाने जोडलेली असतात आणि तिथला नायट्रोजन समतल असतो. प्रथिनाच्या साखळीला कुठे वळता येईल आणि कुठे नाही याचा रामचंद्रन प्लॉट 1963 मध्ये जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रासला मांडला, तो पेप्टाइड गट समतल आहे हे धरूनच. तेच रामचंद्रन पुढे बंगळूरला आले आणि भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी मॉलिक्युलर बायोफिजिक्सचा विभाग उभा केला. त्या नायट्रोजनपुढे कुणी sp³ लिहून पुढे गेलं असतं, तर तो आलेखच काढता आला नसता.

पुढच्या रविवारसाठी चार रेणू देतो : ClF₃, I₃⁻, SO₂ आणि ॲनिलिनमधला नायट्रोजन. पहिल्या तिघांसाठी दोन्ही हिशेब वेगवेगळे लिहा, एकाचं उत्तर पाहून दुसरा भरू नका. I₃⁻ मध्ये मधला आयोडिन मध्यवर्ती धरा आणि प्रभार विसरू नका. ॲनिलिनचा नायट्रोजन पूर्ण समतलही नाही आणि अमोनियाइतका पिरॅमिडही नाही. त्याचं उत्तर काय लिहायचं आणि का, यावर तुमच्यात वाद झाला तर मला हवाच आहे.